टायपिंग टेस्टची तयारी: ‘दुसऱ्या’ या एका शब्दात अडकू नये म्हणून

आमच्या क्लासमध्ये नवीन मूल आलं की मी त्याला पहिल्या दिवशी एकच शब्द टाइप करायला सांगतो: दुसऱ्या. मोबाइलवर मराठी लिहिण्याची सवय असलेला मुलगा पाच सेकंदांत लिहून दाखवतो, आणि स्क्रीनवर ‘दुसर्या’ असं काहीतरी आलेलं असतं. रेफ डोक्यावर चढलेला. तो म्हणतो, ‘सर, एवढं चालतं की.’ व्हॉट्सॲपवर चालतं. सरकारी टायपिंग टेस्टमध्ये तो शब्द चुकलेला असतो, आणि मराठी उताऱ्यात असे शब्द दर दोन-तीन ओळींना भेटतात.

हा लेख पहिल्यांदाच टायपिंगकडे वळणाऱ्यांसाठी आहे. लिपिकाच्या जागेसाठी मराठीची तयारी करायची आहे, जमलं तर केंद्राच्या परीक्षेत हिंदीही द्यायची आहे, अशा उमेदवाराला डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. वेग सरावाने येतो, त्याबद्दल फार बोलणार नाही. मुलं जिथे खरोखर अडकतात ते कीबोर्ड, फॉन्ट आणि मोजणी हे तीन विषय मात्र सावकाश समजावून सांगतो.

आधी जाहिरात नीट वाचा

महाराष्ट्रात दोन गोष्टींची गल्लत होते: प्रमाणपत्र आणि कौशल्य चाचणी. प्रमाणपत्र म्हणजे महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते ती शासकीय वाणिज्य परीक्षा. पूर्वी ती टाइपरायटरच्या खडखडाटात व्हायची, आता संगणकावर होते आणि सगळे तिला ‘जीसीसी-टीबीसी’ म्हणतात. मराठी, हिंदी, इंग्रजी या भाषांत ३० आणि ४० शब्द प्रति मिनिट असे वेग असतात. या परीक्षेत नुसता गती उतारा नसतो, पत्र आणि तक्ताही करावा लागतो. त्यामुळे फक्त वेगावर भर देणारी मुलं तक्त्याच्या रेघांमध्ये अडकतात.

लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० यांपैकी एक प्रमाणपत्र चालतं. कर सहायकाला दोन्ही लागतात. शिवाय या पदांसाठी आयोग स्वतःची टंकलेखन कौशल्य चाचणीही घेतो. म्हणजे प्रमाणपत्र खिशात आलं की टायपिंग विसरून चालत नाही. तीन वर्षांपूर्वी ४० ची परीक्षा पास झालेली मुलं चाचणीच्या महिनाभर आधी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांची बोटं ‘ठ’ कुठे आहे ते शोधत असतात.

केंद्राकडे वळलात तर एसएससीच्या सीएचएसएल परीक्षेत इंग्रजी ३५ किंवा हिंदी ३० शब्द प्रति मिनिट असा वेग लागतो, आणि चाचणी १० मिनिटांची असते. मराठीचा पर्याय तिथे नाही. हिंदी की इंग्रजी हे अर्ज भरतानाच सांगायचं असतं आणि नंतर बदलता येत नाही. तेव्हा तो रकाना मित्राने भरला म्हणून आपणही तसाच भरू नका. रेल्वेच्या एनटीपीसी भरतीत ज्या पदांना टायपिंग लागतं, तिथे इंग्रजी ३० किंवा हिंदी २५ असा नियम आहे.

जाहिरातीतून आणि नंतर येणाऱ्या सूचनापत्रातून चार गोष्टी वहीत उतरवून घ्या: भाषा, वेग, कोणता फॉन्ट किंवा कीबोर्ड देणार, आणि चुका कशा मोजणार. चौथी गोष्ट बहुतेक जण वाचतच नाहीत.

युनिकोड की जुना फॉन्ट: एका क्लिकची परीक्षा

मराठी टायपिंगबद्दल विचारलं की दुकानात, क्लासमध्ये, कचेरीत वेगवेगळी नावं ऐकू येतात: कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, सुरेख, मंगल. यातला फरक समजायला एक सोपी युक्ती आहे. टाइप केलेला शब्द निवडा आणि त्याचा फॉन्ट बदलून `Arial` करा. शब्द मराठीतच राहिला तर तो युनिकोड. त्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर तो जुन्या पद्धतीचा फॉन्ट.

कृतिदेव ०१० मध्ये ‘मराठी’ लिहा आणि फॉन्ट बदला, तर हे दिसेल:

```
ejkBh
```

म्हणजे संगणकाच्या लेखी तुम्ही मराठी लिहिलंच नव्हतं. `e` या इंग्रजी अक्षराचं चित्र त्या फॉन्टमध्ये ‘म’सारखं काढलं होतं, एवढंच. फॉन्ट हा मुखवटा, आत इंग्रजी. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीसाठी U+0900 पासून U+097F पर्यंतची जागा राखून ठेवली आहे. ‘म’ हा कोणत्याही फॉन्टमध्ये ‘म’च राहतो. मंगल हा युनिकोड फॉन्ट आहे, आणि परीक्षेच्या सूचनेत ‘मंगल’ लिहिलेलं असलं तर व्यवहारात त्याचा अर्थ ‘युनिकोड’ असाच घ्यायचा.

फॉन्ट आणि कीबोर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच डोक्यात पक्कं करा. जुन्या फॉन्टमध्ये कीबोर्डची मांडणी फॉन्टलाच चिकटलेली असायची, त्यामुळे ‘मला कृतिदेव येतं’ म्हणजे ‘मला रेमिंग्टन मांडणी येते’ असा अर्थ आपोआप व्हायचा. युनिकोडमध्ये तसं नाही. मंगल फॉन्ट ठेवूनही तुम्ही इनस्क्रिप्टने लिहू शकता किंवा रेमिंग्टनने. ‘मंगल टायपिंग शिकवतो’ अशी पाटी दिसली तर आत जाऊन विचारा, कोणता कीबोर्ड?

रेल्वेच्या हिंदी टायपिंगमध्ये कृतिदेव आणि मंगल दोन्ही मिळतात, म्हणून जुनी पद्धत अजून पूर्ण गेली असं म्हणता येत नाही. पण आज शून्यापासून सुरुवात करणाऱ्याने कृतिदेवच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कचेरीतलं कामही युनिकोडमध्येच चालतं. ज्यांची बोटं आधीच रेमिंग्टनवर बसली आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.

इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन

इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. मधल्या ओळीत उजवीकडे `h j k l` वर प, र, क, त. डावीकडे `a s d f g` वर ो, े, ्, ि, ु. हलन्त `d` वर आहे, म्हणजे डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, आणि जोडाक्षर करायला तोच लागतो. बाराखडीतला महाप्राण बहुतेक ठिकाणी शिफ्ट धरून मिळतो: `k` क, शिफ्ट धरून ख. `l` त, शिफ्ट धरून थ. या तर्कामुळे शिकायला तो सोपा जातो. ‘कार्यालय’ हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये असा:

```
k e j d / e n /
```

आपण बोलतो त्याच क्रमाने: क, ा, र, ्, य, ा, ल, य. रेफ डोक्यावर जाईल की खाली, याची काळजी संगणक घेतो.

रेमिंग्टनचा उगम टाइपरायटरमध्ये. तिथे कागदावर जे आधी उमटायचं ते आधी मारायचं. त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, आणि रेफ अक्षर संपल्यावर. हाच शब्द कृतिदेवमध्ये असा लागतो:

```
dk;kZy;
```

`Z` हा रेफ ‘या’ पूर्ण झाल्यानंतर येतो, हे बघा. ‘स्थिती’मध्ये तर `f` ही वेलांटी ‘स्थ’ या पूर्ण जोडाक्षराच्या आधी मारायची: `fLFkrh`. इनस्क्रिप्टमध्ये तीच वेलांटी ‘थ’ नंतर येते.

एका मांडणीतून दुसरीत जाताना अक्षरांच्या जागा दोन-तीन आठवड्यांत बदलतात, वेलांटीची सवय मात्र दोन-तीन महिने छळते. म्हणून माझा सल्ला साधा आहे. रेमिंग्टनवर २५ च्या पुढे वेग असेल आणि तुमच्या परीक्षेत रेमिंग्टनचा पर्याय असेल, तर बदलू नका. अजून काहीच येत नसेल तर इनस्क्रिप्ट शिका. तोच कीबोर्ड मराठीला आणि हिंदीला चालतो, दुसऱ्यांदा शिकावं लागत नाही. तरी पैसे भरण्याआधी तुमच्या परीक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आहे ना, हे विचारून घ्या. नुसतं ‘रेमिंग्टन’ लिहिलेलं दिसलं तर कोणतं रेमिंग्टन हेही पाहा. एसएससीच्या हिंदी टायपिंगमध्ये इनस्क्रिप्टबरोबर ‘रेमिंग्टन गेल’ आणि ‘रेमिंग्टन सीबीआय’ असे दोन प्रकार असतात. रोजची अक्षरं सारखीच वाटतात, पण चिन्हं आणि काही जोडाक्षरं इकडची तिकडे आहेत. एकावर सराव करून दुसरं निवडलं तर पहिल्या अवतरणचिन्हालाच कळतं.

मोबाइलवरचं उच्चारानुसारी टायपिंग, म्हणजे `marathi` लिहिलं की ‘मराठी’ होणारं, परीक्षेच्या तयारीतून पूर्ण बाजूला ठेवा. त्यात शब्द तुम्ही लिहीत नसता, सुचवलेल्या यादीतून उचलत असता.

घरी मांडामांड

विंडोजमध्ये इनस्क्रिप्टसाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही. `Settings` मध्ये `Time & language`, मग `Language & region`, तिथे मराठी आणि हिंदी या भाषा जोडा. मराठीच्या यादीत `Marathi` म्हणजे इनस्क्रिप्ट. हिंदीच्या यादीत `Hindi Traditional` म्हणजे इनस्क्रिप्ट, आणि `Hindi Phonetic` म्हणजे आपल्याला नको तो. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. रेमिंग्टन विंडोजमध्ये मुळात नसतं, त्यासाठी वेगळं इनपुट टूल टाकावं लागतं.

कळांवर देवनागरीचे स्टिकर लावू नका. मी दोन वर्षं लावले होते, मुलांच्या माना खाली गेल्या त्या वर आल्याच नाहीत. मांडणीचा कागद स्क्रीनच्या कडेला चिकटवा.

पहिले दहा-बारा दिवस फक्त मधली ओळ, मग वरची, मग खालची. आकड्यांच्या ओळीतल्या शिफ्टच्या जागा, म्हणजे ज्ञ, त्र, क्ष, श्र, रेफ आणि रकार, शेवटी घ्या. पण टाळू नका. कचेरीच्या उताऱ्यात ‘क्षेत्र’, ‘प्रशासन’, ‘ज्ञापन’ सारखे शब्द भरपूर असतात. ‘ळ’ शिफ्ट धरून `n` वर आहे. हिंदी सरावात तो जवळपास येतच नाही, आणि मग मराठीच्या दिवशी सापडत नाही.

दिसतं तेच, पण कोड वेगळा

आता परत ‘दुसऱ्या’कडे. इनस्क्रिप्टमध्ये तो असा लिहायचा:

```
o g m Shift+J d / e
```

शिफ्ट धरून `j` वर जो ‘ऱ’ आहे, त्याचा कोड U+0931. त्याला हलन्त आणि ‘य’ जोडला की डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र दिसतो. साधा ‘र’ घेऊन तेच केलं तर ‘र्य’ होतो, तो ‘कार्य’मधला. ‘वाऱ्यावर’, ‘पुढाऱ्यांनी’, ‘शेतकऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांच्या’ हे सगळे शब्द सरकारी उताऱ्यात हमखास येणारे आहेत. एका परिपत्रकाच्या परिच्छेदात ‘कर्मचारी’ आणि ‘अधिकारी’ यांची रूपं मोजून पाहा.

यात आणखी एक खाच आहे. साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह, U+200D, टाकूनही तेच पापणीचं रूप दिसतं. काही मांडण्या पापणीची कळ दाबल्यावर आतून असं लिहितात. डोळ्याला काडीचाही फरक दिसत नाही, पण सॉफ्टवेअर उतारा तपासतं तेव्हा ते चित्र बघत नाही, क्रमांकाला क्रमांक लावून बघतं. उताऱ्यात एक आणि तुमच्याकडे दुसरा असेल, आणि सॉफ्टवेअरने दोन्ही एक मानण्याची सोय केलेली नसेल, तर शब्द चूक.

माझ्या एका विद्यार्थिनीने हे सोसलं आहे. सराव चाचणीत तिच्या १७ चुका निघाल्या. आम्ही दोघांनी कागदावर दोन्ही उतारे शेजारी ठेवून बोट लावून वाचले, चारच चुका सापडल्या. उरलेल्या तेरा शब्दांपैकी अकरांत ‘ऱ्य’ होता आणि दोनांत ‘ॲ’. घरी ती एका इनपुट टूलवर सराव करायची, क्लासचा उतारा दुसऱ्यावर लिहिलेला होता. दोष तिच्या बोटांचा नव्हताच.

आत काय आहे ते ओळखायची सोपी पद्धत म्हणजे बॅकस्पेस. नोटपॅडमध्ये ‘ऱ्या’ लिहा आणि एकेक बॅकस्पेस मोजा. चार वेळा दाबून पुसलं गेलं तर ऱ, हलन्त, य, काना: बरोबर. पाच लागले तर मध्ये ते अदृश्य चिन्ह आहे. वर्डमध्ये असाल तर कर्सर अक्षराच्या लगेच नंतर ठेवून `Alt+X` दाबा, कोड दिसतो. पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं.

‘ॲ’चंही असंच. एक पूर्ण अक्षर U+0972, आणि दुसरं म्हणजे ‘अ’ लिहून त्यावर ॅ ठेवलेला. बॅकस्पेस दाबल्यावर मागे ‘अ’ उरला तर ती जोडणी आहे. तिसरा भाऊ ‘ऍ’, तो तर दिसायलाच वेगळा. तुमच्या कीबोर्डवर शिफ्ट धरून `1` दाबल्यावर यातलं काय येतं, ते एकदा तपासून वहीत लिहा. रेमिंग्टनवाल्यांसाठी ‘आ’ची गंमत वेगळीच. कृतिदेवमध्ये ‘आ’ म्हणजे ‘अ’ आणि काना, `vk`, आणि ‘ई’ म्हणजे ‘इ’वर चक्क रेफ, `bZ`. युनिकोडची काही टूल्स हे समजून घेऊन योग्य अक्षर करतात. जी करत नाहीत, तिथे ‘आ’ दिसतो पण आत अ आणि काना अशी दोन अक्षरं असतात.

नवीन टूल किंवा नवीन क्लास घेतला की पहिल्याच दिवशी पाच शब्दांची चाचणी करा: दुसऱ्या, ॲप, ऑगस्ट, आई, क्षेत्र. परीक्षेच्या सॉफ्टवेअरचा सराव दुवा मिळाला तर तिथेही हेच पाच शब्द.

जाता जाता: मंगलमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसले तर घाबरू नका. ते फॉन्टचं वळण आहे, कोड तोच.

हिंदी उताऱ्यात मराठी बोटं

मराठी माणूस हिंदी टाइप करतो तेव्हा चुका ठरलेल्या असतात. हिंदीत वाक्य संपलं की उभा दंड, इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि पूर्णविराम. आपलं बोट सवयीने टिंब देतं, आणि दर वाक्याला एक चूक जमा होते. दुसरी, नुक्ता. ‘पढ़ना’, ‘सड़क’, ‘बड़ा’ यांतलं खालचं टिंब मराठीला माहीतच नाही. ते `]` वर आहे, ड किंवा ढ लिहून लगेच दाबायचं. तिसरी, चंद्रबिंदू: ‘हूँ’, ‘पाँच’, ‘गाँव’. शिफ्ट धरून `x`. अनुस्वाराच्या शेजारी नाही, त्याच कळीवर आहे, म्हणून शिफ्ट निसटला की ‘हूं’ होतं.

चौथी सगळ्यात चिवट. आपण ‘स्थिती’, ‘शक्ती’, ‘समिती’ दीर्घ लिहितो, हिंदीत ‘स्थिति’, ‘शक्ति’, ‘समिति’. डोळा शब्द ओळखतो आणि बोटं मराठी शुद्धलेखन चालवतात. यावर उपाय एकच, हिंदी उतारा वाचून नाही तर बघून टाइप करायचा. उताऱ्यात ‘हिन्दी’ असेल तर ‘हिन्दी’, ‘हिंदी’ असेल तर ‘हिंदी’. उतारा चुकीचा छापला असेल तरी जसा आहे तसाच. तिथे आपल्या व्याकरणाचं कोणी कौतुक करत नाही.

वेग नक्की कसा मोजतात

‘३० शब्द’ म्हणजे उताऱ्यातले तीस शब्द असं समजू नका. परीक्षेत बहुतेक वेळा पाच कळांचा एक शब्द धरतात. एसएससीच्या भाषेत ३० शब्द म्हणजे तासाला ९,००० कळा. दहा मिनिटांना १,५००, मिनिटाला १५०. इंग्रजीचे ३५ म्हणजे तासाला १०,५००. हिशोब जुळतो.

मराठीसाठी ही पद्धत बरी आहे. ‘मुख्याध्यापकांकडून’ हा एक शब्द, पण आत १८ अक्षरचिन्हं आहेत, पुढची मोकळी जागा धरून १९. म्हणजे जवळपास चार शब्दांचं श्रेय. हिंदीत तेच ‘प्रधानाचार्य की ओर से’ असे चार सुटे शब्द होतात. जागेवरून शब्द मोजणारं एखादं सराव सॉफ्टवेअर वापरत असाल, तर मराठीत तुमचा वेग १८ दिसेल आणि हिंदीत २८, आणि तुम्ही उगाच खचाल. आधी सॉफ्टवेअर शब्द कशाला म्हणतं ते पाहा. कळा मोजणारी आणि अक्षरचिन्हं मोजणारी असाही फरक असतो. शिफ्ट धरून `7` दाबलं की ‘क्ष’ येतो, कळ एकदाच दाबली, पण आत क, हलन्त, ष अशी तीन चिन्हं.

चुकांमध्ये साधारण दोन प्रकार असतात. शब्द गाळला, जादा घातला किंवा चुकीचा लिहिला तर पूर्ण चूक. जागा, विरामचिन्ह, परिच्छेद यांची गडबड झाली तर अर्धी. कोणती चूक कशात जाते हे परीक्षेनुसार बदलतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चुकांचं पुढे काय करतात. एक उदाहरण सोडवून दाखवतो.

समजा दहा मिनिटांत तुमच्या १,६२० कळा झाल्या. पाचने भागून ३२४ शब्द, म्हणजे मिनिटाला ३२.४. चुका: पूर्ण १८, अर्ध्या ८. एकूण १८ अधिक ४, म्हणजे २२.

पहिल्या प्रकारच्या नियमात चुका सरळ वजा होतात. ३२४ मधून २२ गेले, ३०२ उरले, वेग ३०.२. काठावर पास.

दुसऱ्या प्रकारात वेग वेगळा आणि चुकांची टक्केवारी वेगळी बघतात. २२ भागिले ३२४ म्हणजे ६.८ टक्के. मर्यादा ७ टक्के असेल तर पास, ५ असेल तर नापास.

तिसरा प्रकार सगळ्यात कडक. पाच टक्के चुका माफ, पण त्यावरच्या प्रत्येक चुकीला दहा शब्द कापायचे. ३२४ चे पाच टक्के १६.२. वरच्या चुका ५.८, म्हणजे ५८ शब्द गेले. उरले २६६, वेग २६.६. नापास.

तोच उमेदवार, तोच कागद. म्हणून म्हटलं, जाहिरातीतली चौथी गोष्ट वाचा. तिसऱ्या प्रकारचा नियम असेल तर ३४ च्या वेगाने धावण्यापेक्षा ३१ ने चालणं फायद्याचं. आणि वरच्या २२ चुकांमध्ये अकरा जर ‘ऱ्य’च्या असतील, तर ती एक कळ सुधारली की तुम्ही तीनही नियमांत पास होता.

सरावात मी मुलांना लक्ष्यापेक्षा पाच शब्द जास्त मागतो. ३० हवेत तर घरी ३५, चुका तीन टक्क्यांच्या आत. त्याच्या वर चुका गेल्या तर त्या दिवशी वेग मोजायचा नाही, चुकलेल्या शब्दांची यादी करून प्रत्येक शब्द दोन ओळी लिहायचा. मोजणी आठवड्यातून दोनदाच. रोज मोजणारी मुलं रोज धावतात आणि चुका पक्क्या करतात.

चाचणीच्या खोलीत

केंद्रावरचा कीबोर्ड तुमच्या घरच्यासारखा नसेल. लॅपटॉपवरच सराव केलेल्या मुलांची बोटं उंच कळांच्या कीबोर्डवर अर्ध्या वाटेत थांबतात, आणि हलन्त अर्धवट दाबला जाऊन ‘क्त’चं ‘कत’ होतं. शेवटचा महिना तरी साध्या, तारेच्या कीबोर्डवर करा.

सरावाचा उतारा आधी देतात तेव्हा तो वेगाने संपवू नका. स्क्रीनवर निवडलेली मांडणी तुमचीच आहे ना, ते पाहा. मग ‘दुसऱ्या’, ‘ॲप’, आकडे १ ते ०, अवतरणचिन्ह आणि दंड टाइप करून बघा. आकडे इंग्रजी येतात की देवनागरी, आणि उताऱ्यात कोणते आहेत, हेही तेव्हाच. मांडणी वेगळी निघाली तर लगेच हात वर करा. एकदा घड्याळ सुरू झालं की पर्यवेक्षक काही करू शकत नाही.

एखादी ओळ गाळली हे लक्षात आलं तर शांतपणे ठरवा. दोन शब्दांपूर्वीची असेल तर मागे जा. पूर्ण ओळ मागे राहिली असेल आणि बॅकस्पेसने तिथवर पुसत जावं लागणार असेल, तर सोडून पुढे चला. एका ओळीत आठ-दहा शब्द असतात. त्या पुसून पुन्हा लिहिण्यात मिनिट जातं, म्हणजे १५० कळा. आणि वेळ संपायला अर्धं मिनिट उरलं असेल, तेव्हा शेवटचा शब्द अर्धवट सोडण्यापेक्षा आधीचा पूर्ण करून थांबलेलं बरं.